गुरू गाडीत बसले

मस्तगडजवळच्या गॅरेजातले सरदारजी मिस्त्री ओरडल्याशिवाय बोलत नाहीत. माझ्या जीपपायी मी त्यांची बोलणी वर्षानुवर्षं खात आलोय. "मास्तर, क्लच हे, पायपुसणं न्हाई!"

एकदा मात्र हळूच म्हणाले, "नव्या घरी पाठ ठेवलाय. गुरुद्वाऱ्यातून महाराजांना, म्हणजे आमच्या ग्रंथाला, आणायचंय. गाडी घेऊन येता का?"

"येतो की. ग्रंथ मागं डिक्कीत नीट ठेवू."

"गुरूला डिक्कीत बसवता का, मास्तर? दहाव्या गुरूंनी नांदेडला सांगून ठेवलं, आता पुढं माणूस गुरू न्हाई. ग्रंथच गुरू, कायमचा."

त्या सकाळी त्यांनी जीप स्वतः धुतली, सीटवर पांढरी चादर अंथरली आणि माझी तंबाखूची पुडी घरी ठेवून यायला लावली. मी डोक्याला रुमाल बांधला, चपला काढल्या. रेशमी कापडात गुंडाळलेला ग्रंथ डोक्यावर घेऊन मिस्त्री अनवाणी आले. पुढं एक जण पाणी शिंपडत होता, मागं त्यांची मुलगी चवरी ढाळत होती.

वाटेत गाय आडवी आली आणि मी कचकन ब्रेक दाबला. मिस्त्रींनी ग्रंथ फक्त घट्ट धरला.

घरी चांदव्याखाली, उंच गादीवर ग्रंथ उघडला. जे पान उघडलं त्यावरची वाणी त्या दिवसाचा हुकूम म्हणून वाचली गेली. आम्ही सगळे जमिनीवर बसून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो, तर ते लांबूनच ओरडले, "ब्रेक असा मारतात का?"

"मग काल का नाही बोललात?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "काल गुरू बसले होते ना गाडीत. त्यांच्यासमोर आवाज चढवू का?"