बारा नंबरची सीट

माझी नाशिकची नोकरी पक्की झाली त्या दिवशी मी मोबाईलमधून बसचं ॲप काढून टाकलं. बोटाने दाबून धरलं, ॲप थरथरलं, गेलं. तीन वर्षांचा पास असा दोन सेकंदांत संपवल्याचं मला फार कौतुक वाटलं. पिंपरीच्या कंपनीच्या लॅबमध्ये मी रोज दहा वेळा सगळ्यांना सांगायचे, बाटलीवरचं लेबल काढलं म्हणून आतलं ॲसिड पाणी होत नाही. पण शहाणपण लॅबमध्ये ठेवून घरी यायची माझी जुनी सवय.

ती बस खासगी होती. सकाळी सहाला नारायणगावच्या बायपासवरून निघायची आणि मंचर, राजगुरुनगर, चाकण करत पिंपरीला पोचायची. महिन्याचा पास काढला की सीट ठरलेली. माझी बारा नंबरची, खिडकीची. पास दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप नवा व्हायचा, म्हणजे मला काहीच करावं लागायचं नाही. आपोआप होणाऱ्या गोष्टी आपोआप बंदही होत असतील, असं मी धरून चालले.

नाशिकला जाऊन महिना होत आला तेव्हा मंचरच्या मैत्रिणीचा फोन आला. ही अकरा नंबरवर बसायची. तीन वर्षं माझ्या खांद्यावर झोपली आणि एकदाही कबूल झाली नाही.

"काय राव, तू नाशिकला गेलीस का सीट इथंच ठेवून गेलीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे बारा नंबर अजून तुझ्या नावावर हाय. महिनाभर तिथं माझी पर्स बसून येतीय. आणि आळे गावची एक पोरगी वेटिंगवर हाय, तिला पास मिळंना."

मग तिने त्या मुलीचं सगळं सांगितलं. भोसरीच्या एका हॉस्पिटलात नर्स, नवीनच लागलेली. भल्या पहाटे तिचे वडील तिला गाडीवरून आळेफाट्याला आणून सोडतात. तिथून एसटी, मग चाकणला दुसरी गाडी, निम्मा रस्ता उभ्याने. दोनदा उशीर झाला आणि तिसऱ्यांदा झाला तर कामावरून काढू, असं मेट्रननी सांगितलेलं. तिथं खोली घेऊन राहा म्हटलं तर घरचे तयार नाहीत. बसवाले पासाशिवाय कोणाला चढू देत नाहीत; म्हणतात, सगळ्या सीट भरलेल्या आहेत, एक सुटली की पहिला नंबर तिचा.

"आणि ती एक सीट माझी पर्स अडवून बसलीय," मैत्रीण म्हणाली. "मला त्या पोरीकडं बघवत न्हाई."

मला लाज वाटली. मी ॲप परत घेतलं, माझ्या नंबरवर आलेला ओटीपी टाकला, आणि पास जसाच्या तसा हजर. माझं नाव, माझा फोटो, सीट बारा, पुढचं नूतनीकरण पाच तारीख. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की ऑटोपे चालू असेपर्यंत पास रद्द होणार नाही, आणि ते बंद करायचं असेल तर ज्या यूपीआय ॲपमधून परवानगी दिली आहे तिथूनच ती रद्द करावी. मी माझं यूपीआय उघडलं. ऑटोपेच्या यादीत काहीच नव्हतं.

तेव्हा आठवलं. पहिल्या नोकरीचा पहिला पगार व्हायच्या आधीचा तो पास. नारायणगावशेजारच्या वारूळवाडीतल्या आमच्या ओट्यावर बसून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःचा फोन पुढे केला होता. "पयला पास माझ्याकडनं." पिन टाकताना त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने फोन असा झाकला होता की जणू शेजारच्या गल्लीतूनही कोणी बघत असावं. पुढे मला पगार सुरू झाला तरी त्यांनी ते बदलू दिलं नाही. "राहू दे, माझ्या फोनला सवय झालीय," म्हणाले.

मी त्यांना फोन लावला. महिन्याचा शेवटचा दिवस होता.

"दादा, बसचा पास बंद करायचाय. तुमच्या फोनमधून होईल, मी सांगते तसं करा."

"आत्ता वावरात हाय. रेंज न्हाई."

"रेंज नाही तर बोलताय कसं?"

"बोलण्यापुरती हाय."

दुसऱ्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी पिन आठवत नव्हता. जो माणूस वीस वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाची शिंगं किती इंच होती ते सांगतो, त्याला चार आकडे आठवत नव्हते. मी म्हटलं, शनिवारी मीच येते.

शनिवारी संध्याकाळी नारायणगावला उतरले तर दादा गाडी घेऊन स्टॉपवर उभे.

"तुम्ही कशाला आलात?"

"तुझ्यासाठी न्हाई आलो. टोमॅटोचं क्रेट घ्यायचं व्हतं."

हे क्रेट मला तीन वर्षं माहीत आहे. रोज संध्याकाळी साडेसातला बस आली की दादा बायपासवर असायचेच आणि रोज त्यांचं दुसरं काहीतरी काम असायचं. कधी क्रेट, कधी पंपाचा वॉशर, कधी कोणी पावणे यायचे असायचे, जे कधी आले नाहीत. मी गाडीवर मागे बसल्याने त्यांच्या कामाला काही अडथळा नाही, एवढंच ते मान्य करायचे.

घरी पोचल्यावर मी फोन मागितला तर म्हणाले, "आज अमावस्या हाय. अमावस्येला काय चालू-बंद करू न्हाई."

आमच्याकडे अमावस्येला विहिरीची मोटरसुद्धा दुरुस्त करत नाहीत, ती जळाली तरी. मी मनात तारीख मोजली. पास सोमवारी नवा होणार होता.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी परत हात पुढे केला. दादा कॅलेंडरकडे बघू लागले. चुलीपुढून आई म्हणाली, "कॅलेंडरात काय बघताय? अमावस्या काल झाली. आज पाडवा हाय, शुभ दिवस हाय."

दादांनी आईकडे असं पाहिलं, जणू घरातलाच माणूस फितूर झाला. मग फोन दिला.

फोनमध्ये बँकेचा मेसेज येऊन पडला होता. पाच तारखेला बसच्या पासाचे पैसे खात्यातून जातील, अशी आगाऊ सूचना. मी वर सरकवत गेले. त्या सूचना दर महिन्याला येत होत्या, आणि दादांनी एकही पुसली नव्हती. विम्याचे, लोनचे, लॉटरीचे मेसेज ते वाचायच्या आत उडवतात.

"हे का ठेवलेत?"

"असू दे. काय जागा लागती का?"

आई म्हणाली, "दर महिन्याला मला वाचून दाखवत्यात. ताईच्या गाडीचा निरोप आला म्हणून."

मला हसू आलं. बँकेच्या मेसेजला निरोप म्हणणारा माणूस तालुक्यात हा एकटाच असावा.

"दादा," मी म्हटलं, "तुम्हाला पिन आठवतोय ना?"

"आठवतोय."

"मग बंद का करत नव्हता?"

ते ओट्याच्या कडेला बसून नखाने टॉवेलचा दोरा काढत राहिले. "बंद केलं की झालं. मग तू काय येत न्हाईस. चालू हाय तवर गाडीत तुझी जागा हाय. कवा मन झालं तर येशील."

"दादा, नाशिक काय अमेरिकेत आहे? दोन-अडीच तासांचा रस्ता."

"रस्ता न्हाई म्हणत मी. रोजचं म्हणतोय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पास चालूच राहू द्यावासा वाटला. बसू दे पर्स बारा नंबरवर. पण मी त्यांना आळ्याच्या मुलीचं सांगितलं. उभ्याने जाणं, मेट्रनची ताकीद, पहाटेचा फाटा. पैशाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पहाटं तिचा बाप सोडतो म्हणालीस. संध्याकाळी?"

"बस मिळाली तर ती बायपासला उतरेल. वडील आळ्याहून न्यायला येतील."

"आळ्याहून यायचं म्हणजे त्याला येळ लागणार. दूध घालून यायचं असंल त्याला." दादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "दाखव कुठं दाबायचं."

ऑटोपेच्या यादीत दोनच नोंदी होत्या, टीव्हीचा रिचार्ज आणि बस. बसवर दाबलं तर दोन पर्याय आले, काही काळ थांबवा आणि रद्द करा. दादांचं बोट 'थांबवा'वर गेलं.

"ते नाही दादा. थांबवलं तर परवानगी राहते. रद्द करा."

"थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं पुटपुटत त्यांनी टॉवेल डोक्यावरून फोनवर ओढला आणि आतल्या आत चार आकडे दाबले. ऑटोपे रद्द झाल्याचा मेसेज आला. त्यांनी तो दोनदा वाचला.

मग मी माझ्या फोनवर बसच्या ॲपमध्ये जाऊन पासही रद्द केला. एवढी अक्कल मला महिनाभराने आली होती. चालू पास मुदतीपर्यंत वैध राहील, असं आलं. म्हणजे उद्यापर्यंत.

"मग आज जाऊन ये की गाडीनं," दादा म्हणाले. "वाया कशाला घालवायचा?"

"दादा, रविवारी बस नसते."

"अजून सुधारलं न्हाईत ते," असं म्हणून दादा उठून वावरात गेले. जेवायलाही उशिरा आले.

मंगळवारी मैत्रिणीने बारा नंबरचा फोटो पाठवला. खिडकीला डोकं टेकून एक बारीकशी मुलगी गाढ झोपली होती, मांडीवर डबा. खाली मैत्रिणीने लिहिलं होतं, 'ही तर माझ्यापेक्षा झोपाळू निघाली.'

पंधरा दिवसांनी त्या मुलीनेच फोन केला. नंबर मैत्रिणीकडून घेतला होता. खूप वेळा थँक्यू म्हणाली. आता उशीर होत नाही म्हणाली, मेट्रन नीट बोलायला लागल्यात म्हणाली. मी विचारलं, संध्याकाळी उतरल्यावर एकटी थांबतेस का?

"न्हाई ताई. पप्पांना डेअरीवरून यायला अर्धा तास लागतो. पण स्टॉपवर रोज एक बाबा असत्यात, टॉवेलवाले. पप्पा येईपर्यंत थांबत्यात, मग जात्यात. मी म्हणलं, बाबा, माझ्यासाठी नका थांबू. तर म्हणाले, तुझ्यासाठी न्हाई, मला टोमॅटोचं क्रेट घ्यायचंय."

आमच्या वावरात यंदा कांदा आहे. एकही टोमॅटो नाही.

मी तिला हे सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "बाबांना त्यांचं काम करू दे."