आईच्या एका हातातला फोन

अर्धांगवायूनं आईचा डावा हात गेला आणि माझ्या धाकट्या भावानं पुण्याहून तिला नवा फोन आणला. पावणेसात इंची. आमच्या घरात दिलेली वस्तू डोळ्यात भरली पाहिजे, नाहीतर दिल्यासारखी वाटतच नाही. आई आल्यागेल्याला तो दाखवायची, "पोरानं दिलाय, लई भारी हाय." मीही मान डोलावली.

तीन महिन्यांनी भर दुपारी ती स्वयंपाकघरात घसरून पडली. घरात एकटी होती. फोन उजव्या हातातच होता, पण माझं नाव शोधायला अंगठा वरपर्यंत पोचेना आणि फोन धरायला दुसरा हात नाही. मुठीत वर-खाली सरकवता सरकवता तो निसटला आणि कपाटाखाली गेला. शेजारीण येईपर्यंत पाऊण तास ती फरशीवर पडून होती. हाड मोडलं नाही एवढंच.

मी भावाला फोन लावून नको नको ते बोलले. तो म्हणाला, "अगं ताई, एका हाताचा मोड हाय की त्यात! आणि पाच हजार एमएएचची बॅटरी, दोन दिवस चार्जिंगचं बघायला नको." मी मोड लावला. पडद्यावरचं सगळं खाली अंगठ्याजवळ आलं, पण वजन होतं तेवढंच राहिलं. आमच्या टॉवेलच्या दुकानातल्या काट्यावर फोन कव्हरासकट ठेवला तर दोनशे चाळीस ग्रॅम भरला. माझा छोटा फोन एकशे सत्तर. म्हणे मोड! माझं डोकंच फिरलं.

मग सेटिंगमध्ये रोजचा वापर बघितला. आईचा पाऊण तास, माझा साडेसहा तास. मी दिवसभर गिऱ्हाइकांना टॉवेलच्या डिझाइनचे फोटो पाठवते, चार वाजले की माझी छोटी बॅटरी मान टाकते आणि मी चार्जर घेऊन भिंतीपाशी उभी राहते. आईला तीच बॅटरी दिवसभर पुरून उरली असती. एका घरात राहून हे मला दिसलं नाही. भावाचा राग होताच, स्वतःचा त्याहून जास्त आला.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही फोनच्या सिमांची अदलाबदल केली. "तीन महिने गप्प का बसलीस? तोंड नव्हतं का तुला?" मी आईवर ओरडले.

"हौसंनं आणलाय त्यानं. वाईट वाटलं असतं की."

सकाळी छोटा फोन तिच्या मुठीत नीट बसला. कुणालाही हाक न मारता, एकट्या अंगठ्यानं, तिनं पहिला फोन लावला. भावाला. मी दारात उभी होते, त्याचा मोठा फोन हातात धरून.

"तू दिलेला फोन लई भारी हाय रे," ती म्हणाली. "कसा एका हातात बसतोय बघ."