दिवाळीनंतर दिलेली नोटीस

आमच्या संस्थेत कुणाला कामावर घ्यायचं असलं की सगळे पुढे असतात आणि कुणाला थांबवायचं असलं की फाइल माझ्या टेबलावर येते. मी जव्हारचा, बाजारपेठेतल्या दुकानदाराच्या घरातला. गल्ल्यावर बसायला नको म्हणून कार्यालयात नोकरी धरली आणि जन्मभर कागदांवर बसलो. तोंडाने मी फटकळ आहे, हे माझ्या बायकोपासून तहसीलच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच असली कामं माझ्याकडे येत असावीत.

मोखाड्याच्या बाजूला आमची पाळणाघरं होती. आईबाप शेतावर, मजुरीवर गेले की लहान मुलं तिथे राहायची. जेवायची, झोपायची, महिन्याला त्यांची वजनं व्हायची. खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवरची सगळी पाळणाघरं एक ताई बघायची. पदाचं नाव पर्यवेक्षिका, नेमणूक एका वर्षाच्या करारावर. एकतीस डिसेंबरला करार संपायचा आणि जानेवारीत नवा व्हायचा. हे इतकी वर्षं चाललं होतं की करार संपतो हे ती विसरली होती, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

त्या वर्षी पाळणाघरांना पैसे देणाऱ्या कंपनीने पुढच्या वर्षासाठी नाही म्हणून कळवलं. भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. त्यांना आता दुसरं काही करायचं होतं. पाळणाघरं बंद होणार, म्हणजे ताईचा करार पुढे वाढणार नव्हता. करारातच लिहिलं होतं की मुदतवाढ द्यायची नसेल तर किमान एक महिना आधी लेखी कळवायचं.

आमचे संचालक फार सज्जन. मुंगीवर पाय पडला तर तिची माफी मागतील. पहिला मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. त्यात ताईच्या सेवाभावाबद्दल एक परिच्छेद होता, तिच्या हसतमुखपणाबद्दल एक, संस्था हे एक कुटुंब आहे याबद्दल दोन. शेवटी कुठेतरी, नवीन वर्षात आपल्या वाटा वेगवेगळ्या फुलोत, असं काहीसं होतं. मी तो कागद हिशेबनिसाला वाचायला दिला. त्याने वाचला आणि विचारलं, “ताईला बढती दिली का?”

मग मी लिहिली. पहिल्याच ओळीत लिहिलं की आपला करार एकतीस डिसेंबरला संपत असून तो पुढे वाढवला जाणार नाही. दुसऱ्या ओळीत, याचं कारण प्रकल्पाचा निधी थांबला हे आहे, आपल्या कामाबद्दल संस्थेची कोणतीही तक्रार नाही. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजा, भविष्य निर्वाह निधीचे कागद, टॅब आणि कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी मिळेल हेही लिहिलं. सरांचे दोन शब्द मी ठेवले, “मनापासून आभार”, कारण ते खरे होते. सरांनी वाचलं आणि म्हणाले, “जरा कोरडं वाटतं.” मी म्हटलं, “कोरडं असू दे सर, निसरडं नको.”

त्यांनी सही केली. तारीख मात्र घालू दिली नाही.

“दिवाळी तोंडावर आलीय,” ते म्हणाले. “वाघबारशीला दारात दिवा लावायच्या वेळी तिच्या हातात हा कागद द्यायचा? आपल्याकडे सणासुदीला वाईट बातमी सांगत नाहीत. दिवाळी गोड होऊ दे तिची. मग दे. मुदतीत बसतं ना?”

बसत होतं. तरी मी वाद घातला. आज ना उद्या कळायचंच आहे, तर आज कळू दे, म्हटलं. ज्याचं पोट त्यावर आहे त्याला आधी कळलं पाहिजे, म्हटलं. आवाजही चढला असेल, कारण हिशेबनीस दारात येऊन उभा राहिला. सर शांतपणे म्हणाले, “तुझ्या घरचं असतं तर तू दिवाळीच्या आठवड्यात सांगितलं असतंस?” माझ्या घरात आजारी माणसाची बातमीसुद्धा पाडव्यापर्यंत दाबून ठेवतात. पाकीट कपाटात गेलं.

दिवाळी झाली. गावाजवळचं शिरपामाळ हे ठिकाण बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला आणि रिकामा झाला. कार्यालय उघडल्यावर तारीख घातली, जावक क्रमांक टाकला आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतःच खोडाळ्याला निघालो. असला कागद टपालाने पाठवणं मला पटत नाही. फोनवर सांगणं तर त्याहून नाही.

तिथे बाजारपेठेमागे आमची एक भाड्याची खोली होती, एक कपाट, एक वजनकाटा आणि दोन खुर्च्या. ताई आलेली होती. भात झोडायचे दिवस, केसांत तूस तसंच होतं. मला बघून तिने स्टोव्ह पेटवला, कोरा चहा टाकला आणि दिवाळीची म्हणून नागलीच्या पिठाची तळलेली गोड बोरं काढून ठेवली. मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. चहा झाल्यावर देऊ, असं मनाशी म्हणत होतो. सरांना नावं ठेवणारा मीही चहा संपायची वाट बघत होतो.

ती खुशीत होती. म्हणाली, “दादा, ह्या दिवाळीला एक चांगलं काम केलं बघा. आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली ना. खालच्या पाड्यावरची पोर हाय, बारावी झाली आन घरात बसून होती. तिला काय ठाव नाय, कुठला दाखला लागतो, कुठं सही लागते. मीच तिला घेऊन फिरलो. रहिवासी दाखला काढला, अर्ज भरला, मोखाड्याला जाऊन बालविकासच्या हाफिसात दिला. शेवटच्या दिवशी दिला, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी.”

बाईमाणूस असून “फिरलो” म्हणायची, तिकडची बोलीच तशी. एरवी मी तिला त्यावरून चिडवायचो. त्या दिवशी चिडवलं नाही.

“मग तुम्ही का नाही भरला?” मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

“मी?” ती हसली. “हाफिसातली बाई पण हेच इचारत होती. ताई, तुझं शिक्षण जास्त, इतक्या वर्सांचं काम, तू भर, तुझाच नंबर लागंल म्हणाली. मी सांगितलं, मला हाय नोकरी. एका माणसानं दोन पाटांवर कशाला बसायचं? पोरीला मिळू द्या.”

“पुढच्या वेळी निघेल की जागा.”

“आमच्या गावात परत कंदी निघायची? आन निघाली तरी मला नाय चालायची. पस्तीसच्या पुढं घेत नाय. मला चैत्रात पस्तीस पुरी होतील.”

चहा संपला होता. मला तेव्हा सरांचा इतका राग आला की ते समोर असते तर मी काय बोललो असतो ते इथे लिहिता येणार नाही. आणि रागाला तसा अर्थही नव्हता. नियमाने सगळं बरोबर झालं होतं. मुदत पाळली होती, भाषा नीट होती, सही होती. फक्त पाकीट ज्या दिवसांत कपाटात पडून होतं, त्याच दिवसांत ही बाई दुसरीचा अर्ज घेऊन मोखाड्याच्या कार्यालयात उभी होती.

मी पाकीट काढून तिला दिलं आणि म्हटलं, “ताई, बातमी चांगली नाही. वाचा, मग बोलू.”

तिने उभ्यानेच वाचलं. पहिली ओळ वाचून ती थांबली, पण घोटाळली नाही. पुढचं सगळं वाचलं, घडी घातली आणि खुर्चीवर बसली. तिने वजनकाट्याकडे बघितलं. मग विचारलं, “पाळणाघरं पण बंद?”

“सगळी.”

“पोरांचं काय करायचं मग?”

मला माहीत नव्हतं. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आया अंधार पडल्यावर परततात, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, दाखला चांगला देऊ, सर दुसऱ्या संस्थांना शब्द टाकतील. ती मान हलवत होती. नवरा शेतावर, मुलगी आश्रमशाळेत दहावीला, महिन्याचा पगार हा घरात हिचाच. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी दाखल्याबद्दल बोलत होतो.

मग तिने एकदम विचारलं, “दादा, हे कंदी ठरलं?”

खोटं बोलता आलं असतं. कागदावर तर कालचीच तारीख होती.

“दिवाळीआधी,” मी म्हटलं. “सणात वाईट वाटायला नको म्हणून थांबलो.”

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. “तवाच सांगायचं ना दादा,” ती म्हणाली. “दिवाळी आम्ही केलीच असती.”

पोच म्हणून तिने दुसऱ्या प्रतीवर सही केली. बाहेर बाजार भरात होता. मी निघालो तशी ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, “सरांना त्या अर्जाचं बोलू नका. लई साधा माणूस हाय, जीवाला लावून घेईल.” मी कबूल झालो. परत येताना एसटीत मी मोखाड्याच्या त्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या लिपिकाने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, आलेल्या अर्जांची छाननी सुरू झालीय, आता काही होत नाही. त्याचंही बरोबर होतं.

एकतीस डिसेंबरला ती जव्हारला आली. टॅब, किल्ल्या, ओळखपत्र टेबलावर मांडलं. वजनकाटा गाडीतून पाठवलाच होता. मधल्या काळात त्या पोरीची निवड झाली होती आणि मुलांची वजनं कशी घ्यायची ते ताई तिला संध्याकाळी जाऊन शिकवत होती, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. सरांनी तिला साडी दिली, अनुभवाचा दाखला दिला, आणि दोन शब्द बोलताना चष्मा काढून डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

“एकच समाधान आहे ताई,” ते म्हणाले. “तुमची दिवाळी तरी आम्ही खराब केली नाही.”

मी टाचण्यांच्या डबीत बोटं घालून काहीतरी शोधत राहिलो.

“व्हय सर,” ती म्हणाली. “दिवाळी छान झाली.”