उजवीकडून दुसरे

नांदेडात मी डीटीपीचं काम करतो. अर्धापूरच्या एका निवृत्त संपादकांनी त्यांच्या जुन्या शेतीमासिकाचे अंक स्कॅन करून आणले. नवं पुस्तक छापायचं होतं.

पान दोन रकान्यांचं. स्कॅनमधली अक्षरं ओळखून टाइप करणारं मशीन मात्र आडवं वाचत सुटलं, केळीच्या लागवडीची ओळ अर्धी झाली की शेजारच्या रकान्यातल्या खताच्या ओळीत घुसायचं. माझं डोकं फिरलं. मग मीच प्रत्येक पानावर चौकटी आखल्या. आधी डावा रकाना, मग उजवा, चौकटीतला सल्ला वेगळा, फोटोखालच्या ओळी सगळ्यात शेवटी.

एका पानावर फोटो डाव्या रकान्याच्या मधोमध होता. मी एकच लांब चौकट आखली आणि फोटोखालची ओळ मजकुरातच अडकली. व्याकरण चोख बसल्यामुळे तीनदा वाचूनही मला दिसलं नाही. संपादकांना दिसलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं:

“बागेत जे रोगट कंद दिसतील ते संस्थेचे अध्यक्ष, उजवीकडून दुसरे, बागेबाहेर नेऊन जाळून टाकावेत.”

मी घाईनं माउस ओढला. “चुकलं सर. आत्ता फोटोखाली नेतो.”

ते डोळे पुसत हसत होते. मासिक काढणाऱ्या संस्थेच्या या अध्यक्षांनी त्यांचा प्रत्येक अग्रलेख छापण्याआधी कापला होता म्हणे.

“पुस्तकात दुरुस्त करा,” ते म्हणाले, “पण ह्या पानाची एक प्रिंट द्या. लई वर्षं हेच लिहायचं राहिलं होतं.”