आठवीची टाळी आणि हेडसरांची सम

रिसोडजवळच्या आमच्या शाळेत चित्रकला आणि संगीत दोन्ही मीच शिकवते. त्यामुळे किस्से जमवावे लागत नाहीत, पिशवीतल्या खडूच्या भुकटीसारखे आपोआप साचतात! त्यातले निम्मे हेडसरांचे. हेडसर गणित शिकवतात आणि माझा पिरियड मागतात. यंदा तर त्यांनी सांगूनच टाकलं, "मॅडम, दिवाळीनंतर आठवीचं संगीत बंद. तो पिरियड मले पायजे."



*

एकदा निम्म्या वर्गाला सहा मात्रांचा दादरा दिला, निम्म्याला आठांचा केरवा. दोघांची पहिली टाळी पुन्हा एकत्र कधी पडते ते शोधायचं होतं. नुसता गदारोळ! हेडसर धावत आले.

"हे काय करून राह्यले?"

"लसावि काढून राह्यलो, सर! चोवीस मात्रा झाल्या की पंचविसावीले भेटतो!"

सरांनी दारात उभं राहून बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण हळू काढा!"

*

आठवीतल्या पूजाचे वडील तावातावाने आले. "मॅडम, पोरीले कामाचं शिकवा. पानं कायले काढाय लावता?"

मी पूजाची वही पुढे केली. सोयाबीनचं पान, एका देठावर तीन पानं, शिरा, कडेची छिद्रं, सगळं बघून काढलेलं.

"हे पिवळे ठिपके काहून काढले?"

"आहेत ना, बाबा. बांधाकडच्या ओळीले."

बाबा तसेच वावराकडे पळाले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "आता तुरीचं काढाय लावा!"

*

गाणं शिकलं की मार्क वाढतातच, असं मी म्हणणार नाही. आमची रुख्साना तालाला पक्की, गणितात नापास. विचारलं तर म्हणते, "मॅडम, तिथं ठेकाच नाही!"

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा माझा शेवटचा पिरियड. हेडसर वर्गात येऊन बसले. पोरी तिहाई बसवत होत्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबायचं.

पूजा उठली. "सर, सोळा मात्रांचा तीनताल. पाच टाळ्यांचा तुकडा तीनदा. मधे किती थांबायचं?"

"सोपं आहे! सोळातून पंधरा गेले, उरली एक. मधल्या जागा दोन. अर्धी-अर्धी मात्रा थांबा."

वाजवलं. शेवटची टाळी समेच्या एक मात्रा आधीच पडली! वर्ग खो खो हसला.

"सर, शेवटची टाळी पुढच्या समेवर पडते. सतरा धरा," पूजा म्हणाली.

सर फळ्याकडे गेले. सतरातून पंधरा, उरल्या दोन. एकेक मात्रा थांबून वाजवलं आणि सगळ्या वर्गाची टाळी धाडकन समेवर! सर स्वतःच ओरडले, "वा!" मी डोळे पुसले.

"आता सहाचा तुकडा घेऊ," सर बाह्या सरसावत म्हणाले. "तीन सक अठरा... एक मात्रा आधीपासून उचलावं लागते काय?"

तेवढ्यात पिरियड संपल्याची घंटा झाली. पोरी दप्तरं आवरू लागल्या.

"बसा खाली!" हेडसर गरजले. "घंटा समेवर नाही पडली. पिरियड चालू हाये!"