कांद्याच्या वर्षातली भेंडी

आमचा मळा कल्याणपासून तासाभरावर. भात निघालं की नदीच्या पाण्यावर आम्ही भेंडी लावायचो. त्या वर्षी मी सगळ्या मळ्यात कांदा घातला. आदल्या साली कांदा इतका महागलेला की भजीवाले कांदाभजीत कोबी कोंबत होते. बायको म्हणाली, "अर्ध्यात तरी भेंडी राहू दे." मी तिला शेतीतलं काही कळत नाही असं ठणकावलं. तेव्हा मी फार हुशार होतो.

नदीपलीकडचे एक दादा भाजीच करतात. त्यांना सुगावा लागू नये म्हणून मी भेंडीच लावतोय अशी थाप मारली. तेही म्हणाले, यंदा काकडी.

एप्रिलमध्ये कल्याणच्या बाजार समितीत माझ्या टेम्पोशेजारी दादांचा टेम्पो येऊन थांबला. पाठीमागे कांद्याच्या गोणी.

"दादा, काकडी गोल झाली यंदा?"

"तुझ्या भेंडीला पण सालं फुटलीत रे," ते म्हणाले. मग दोघंही गोणीवर बसलो. पुढे नाशिक-जुन्नरकडच्या ट्रकांची रांग संपतच नव्हती.

"रोपं एवढी महाग मिळाली, तेव्हाच समजायला पायजे होतं," दादा म्हणाले. "गिऱ्हाईक आपण दोघंच असतो तर महागली असती काय? गेल्या साली माल कमी म्हणून भाव. तो भाव बघून तू लावला, मी लावला, तिकडच्यांनी तर बांधापर्यंत लावला. आता सगळ्यांचा एकदम निघाला."

"पण स्वस्त झाला की लोक जास्त खातील ना?"

"तुझी बायको पोह्यांत किलोभर कांदा घालेल काय?"

"मग घरी ठेवतो. भाव चढला की विकेन."

"त्या नाशिककडच्यांकडे कोरडी हवा, कांदा साठवायच्या चाळी. तू कुठे ठेवणार, पडवीत? पावसात सडला की शेजारी तुला गावाबाहेर काढतील."

मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते बरोबर बोलत होते. आडत्याने एक गोणी उसवली, दोन कांदे दाबून पाहिले आणि पडेल आवाजात भाव सांगितला. टेम्पोचं भाडं जाऊन चहापुरतं उरेल, एवढाच. मी मान डोलावली. माझा अख्खा हंगाम त्या मान डोलावण्यात संपला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. पाहुणे आलेत, येताना एक किलो भेंडी आणा.

भेंडीचा भाव ऐकून मी विक्रेत्याशी भांडलोच. तो म्हणाला, "काका, यंदा भेंडी लावली कोणी? सगळे कांद्याच्या मागे पळाले." मी खाली मान घालून पाव किलो घेतली.

घरी बायकोने पिशवी हातात तोलली, आत डोकावून पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. ती फक्त म्हणाली, "एवढीशी पुरायची नाही. कांदा घालून वाढवते."