छताजवळचा सेन्सर

गॅस गळाला तर वास येईलच, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

आम्हाला आमच्या साहेबांनी शिकवलं. सोलापुरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या तळघरात मी चिलर ऑपरेटर होतो. चिलर म्हणजे पाणी गार करणारं अवाढव्य यंत्र. ते पाणी नळांतून वर जातं आणि ऑपरेशन थिएटरपासून डॉक्टरांच्या केबिनपर्यंत सगळं गार ठेवतं. आमच्याकडे अशी दोन यंत्रं होती आणि प्रत्येकात शेकडो किलो गॅस भरलेला. साहेब मेंटेनन्सचे प्रमुख. त्यांची वीस वर्षं अकलूजकडच्या एका डेअरीत गेलेली. डेअरीत अमोनिया असतो. अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर जातो आणि थोडा जरी गळाला तरी नाक जाळतो. म्हणून तिथे सेन्सर छताजवळ लावतात, पंखाही वरच. साहेबांनी हॉस्पिटलात तेच केलं. गॅस ओळखणारा सेन्सर त्यांनी छताखाली हातभर अंतरावर बसवून घेतला आणि हवा बाहेर फेकणारा पंखाही भिंतीत उंचावर.

पण आमच्या चिलरमध्ये अमोनिया नव्हता. आमचा गॅस हवेच्या साडेतीनपट जड. गळाला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, चरात उतरतो, खड्ड्यात साठतो. वास जवळजवळ नाहीच. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. तो फक्त हवेची जागा घेतो. त्यात उभा असलेला माणूस श्वास घेत राहतो आणि त्या श्वासात प्राणवायू नसतो. अशा गॅसचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा, पंख्याचं तोंडही तळाशी हवं आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला वाट हवी. हे मला आयटीआयच्या सरांनी फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं.

मी हे साहेबांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "तू लई शिकलास की. मी अमोनियात निम्मं आयुष्य काढलंय. माझं नाक हाय तवर सेन्सरची गरज न्हाय."

"साहेब, हा अमोनिया न्हाय."

"गॅस तो गॅस."

माझ्या वडिलांनी गिरणीच्या युनियनमध्ये उमेदीची वर्षं घालवली. आमच्या घरात फडताळात कागद अंथरायचा तो जुन्या पत्रकांचा. मी अक्षरं त्यांच्यावर शिकलो. त्यामुळे तोंडी सांगून भागलं नाही की कागद काढायचा, हे माझ्या अंगात होतं. मी एक पत्रक लिहिलं. मथळा मोठ्या अक्षरांत: सेन्सर खाली आणा. खाली गॅसचं वजन, पंख्याची जागा, ताज्या हवेची झडप अडवून ठेवलेले मोडके पलंग, दाराबाहेर नसलेलं पंख्याचं बटण, सगळं मुद्देसूद. शेवटी कामगारांच्या जिवाबद्दल दोन तिखट वाक्यं. ती वाक्यं मला फार आवडली होती. दहा प्रती काढल्या आणि एक नोटीस बोर्डावर डकवली.

दुसऱ्या दिवशी साहेब तो कागद हातात घेऊन प्लांटमध्ये आले. आम्ही चौघे होतो. मी, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि अण्णा. अण्णा आमचे हेल्पर, वय पन्नाशीच्या पुढे. यंत्रमाग बंद पडल्यावर या कामाला लागलेले. घरी तेलुगू, शाळाही जेमतेम तेलुगूच. मराठी बोलायचे झकास, वाचायचे मात्र बोट ठेवून.

साहेबांनी कागद त्यांच्या हातात दिला. "वाचा अण्णा. तुमच्या जिवाची काळजी घेतलीय पोरानं."

अण्णांनी वाचायला सुरुवात केली. "से... सेन्सर... खा..."

"खा काय? जोरात वाचा. चिलरच्या आवाजात ऐकू येत न्हाय."

इलेक्ट्रिशियन हसला. फिटरही हसला. अण्णा एकेक अक्षर लावत राहिले, कपाळावर घाम, आणि साहेब प्रत्येक शब्दावर मान डोलवत होते, शाळेतल्या पोराचा धडा घेतल्यासारखी. तिसऱ्या ओळीवर अण्णा थांबले.

"कळलं का काय लिहिलंय?"

"न्हाय साहेब."

"मग तुमाला काय त्रास हाय का हितं?"

"न्हाय साहेब. मला काय त्रास न्हाय."

साहेबांनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. "बघ. ज्यांच्यासाठी लिहितोस त्यांना त्रास न्हाय."

मी तेव्हा अण्णांवर चिडलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण चिडलो होतो. दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

आणि त्याच हातांनी मी तपासणीचा तक्ता भरत होतो. आमच्याकडे रोजचा तक्ता असायचा: दाब, तापमान, तेल, आणि शेवटचा रकाना ‘गॅस सेन्सर तपासला’. खरी तपासणी म्हणजे छोट्या बाटलीतला चाचणीचा गॅस सेन्सरवर सोडायचा, भोंगा वाजतो का आणि पंखा आपोआप सुरू होतो का ते बघायचं. ती बाटली आमच्याकडे आलीच नव्हती. सेन्सरवर हिरवा दिवा दिसला की आम्ही टिक करायचो. हिरवा दिवा म्हणजे फक्त वीज चालू. महिन्याच्या एक तारखेला जो पहिल्या पाळीला असेल तो शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकदम तीस टिका आणि सह्या मारून टाकायचा, वेळ वाचवायला. त्या महिन्यात तो मी होतो. पत्रक लिहिणारा.

एप्रिलचा शेवट. बाहेर त्रेचाळीस अंश. दोन्ही चिलर पूर्ण भारावर. सकाळी नऊपासून दोन नंबरच्या चिलरचा आतला दाब हळूहळू उतरताना मला दिसला. पाणी सात अंशांवर यायचं ते दहाच्या खाली येईना. काचेच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर द्रवात बुडबुडे. याचा अर्थ सरळ आहे, गॅस कमी होतोय. कमी होतोय म्हणजे कुठेतरी जातोय.

साहेबांना फोन केला. ते अकरा वाजता खाली आले. दारातच दोनदा जोरात नाक ओढलं.

"वास हाय का?"

"वास येणारच न्हाय साहेब, हा..."

"सेन्सर बघ. हिरवा हाय न्हवं? ऊन बघ भाईर, लोड वाढलाय. गॅसचं नंतर बघू." मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे गेलं. प्लांटमधलं सांडपाणी तिथे साठतं, छातीइतका खोल खड्डा, आत पंप. पंपाची जाळी तुंबली होती. "अण्णा, हे तुंबलंय की. आधी एवढी जाळी साफ करा."

अण्णांनी पँट दुमडली आणि शिडीच्या दोन पायऱ्या उतरले. मी काचेच्या खिडकीसमोर उभा होतो. म्हणालो, "साहेब, जरा थांबा की." साहेबांना म्हणालो. अण्णांना नाही.

अण्णा खाली वाकले आणि परत उठले नाहीत. ओरडले नाहीत. धडपड नाही. कोणी हळूच झोपवावं तसे पाण्यात बसले, पाठ भिंतीला, मान बाजूला. वर छताजवळ हिरवा दिवा.

मी धावलो तर फिटरने मागून पट्टा धरला. "तूबी जाशील. थांब." त्याचं बरोबर होतं. साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहून पुन्हा नाक ओढत होते. त्या अवस्थेतही नाक. इलेक्ट्रिशियनने पंखा चालू केला. तो छताजवळची चांगली हवा बाहेर फेकू लागला आणि खालचा गॅस होता तिथेच राहिला. श्वासाचं नळकांडं असलेला संच तळमजल्यावर कपाटात, कुलपात. शेवटी मी सफाईवाल्यांचा फरशी वाळवायचा ब्लोअर ओढत आणला आणि तोंड खड्ड्यात सोडून चालू केला. फिटरने गाळ काढायचा लांब लोखंडी आकडा अण्णांच्या पट्ट्यात अडकवला. एखादं पोतं ओढावं तसं आम्ही त्यांना वर ओढलं. आकड्याने पाठ फाडली. किती मिनिटं गेली मला माहीत नाही. डॉक्टरांनी नंतर एवढंच सांगितलं की फार गेली.

चार मजले वर प्राणवायूचे नळ प्रत्येक खाटेशी होते. अण्णांना त्यातला एक मिळाला. ते जगले. डोळे उघडतात, भरवलं तर गिळतात. कोणाला ओळखत नाहीत.

चौकशीला अधिकारी आले तेव्हा साहेबांनी तपासणीचा तक्ता पुढे ठेवला. "सेन्सर रोज तपासला जात होता. ह्या पोराच्या सह्या हायत." मी म्हणालो की त्या टिका खोट्या आहेत, अख्ख्या महिन्याच्या एकदम मारलेल्या. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. अहवालात दोन वाक्यं आली. हेल्परला तंबाखूचं व्यसन होतं, चक्कर आली असावी. ऑपरेटरने खोट्या नोंदी केल्याची कबुली दिली. मला काढलं. त्या चौकशीच्या आधीच सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर आला होता, पंख्याची नळी तळापर्यंत उतरली होती, पलंग हलले होते. दाराबाहेर लाल बटणही बसलं होतं. सगळं माझ्या पत्रकातल्यासारखं, मुद्द्यामागून मुद्दा. काम चार दिवसांचं होतं.

मी अण्णांच्या घरी गेलो. एकच खोली, जमिनीवर अण्णा, त्यांच्या शेजारी बायको विड्या वळत बसलेली. तिचे हात थांबले नाहीत. मी सगळं सांगितलं, सेन्सर, पंखा, जड गॅस, पत्रक, तक्ता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी कागदावर लिवलं होतं न्हवं, गॅस खाली बसतो म्हणून?"

"हो."

"यांना वाचता येत न्हाय, ठाव होतं तुमाला?"

"हो."

"मग तोंडानं का न्हाय सांगितलं? खड्ड्यात उतरू नका अण्णा, एवढंच. तेलुगूतबी सांगावं लागलं नसतं."

तिने अण्णांच्या ओठाच्या कडेची लाळ पदराने पुसली आणि पुढची विडी उचलली.

तेव्हा हा मजकूर कुणाला पाठवू नका, कुठे डकवू नका. तुमच्या कचेरीच्या, मॉलच्या, हॉस्पिटलच्या तळघरात जो माणूस जाळी साफ करायला वाकतो त्याला शोधा. आज शोधा. त्याच्या भाषेत, तोंडाने सांगा, की हा गॅस खाली बसतो आणि त्याला वास नसतो. मग त्याच्यासोबत प्लांटच्या दारापर्यंत जा, बाहेरचं बटण दाबायला लावा आणि पंखा जमिनीजवळची हवा ओढतोय का ते कागदाचा कपटा धरून दोघांनी बघा. कपटा हलला नाही, तर त्याला आत जाऊ देऊ नका.